बारा महिन्यांची बेरीज

मंचरच्या अलीकडे, महामार्गाला लागून बटाट्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे. तिथला सगळा हिशेब सुदर्शन बघायचा. तो मूळचा डिंगोऱ्याचा. शेती भाऊ सांभाळायचा, सुदर्शन बी.कॉम. होऊन इथे लागला आणि इथेच चाळिशी ओलांडून गेला. त्याच्या हिशेबावर मालक दादाभाऊ डोळे मिटून सही करायचे, आणि ही गोष्ट सुदर्शन स्वतःच चारचौघांत सांगायचा.

पगाराचं काम मात्र दोन वर्षांपासून हनुमंतकडे होतं. हनुमंत मढचा, माळशेज रस्त्यावरच्या गावचा. घराणं मेंढपाळांचं. त्याचे वडील बहिरू अजून वीसबावीस मेंढरं राखून होते. पूर्वीसारखे घाट उतरून कोकणात जात नव्हते, एवढंच. हनुमंत मंचरात खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी गावी जायचा. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, सगळं तो मुकाट्याने आणि नीट करायचा. त्याचं टेबल सुदर्शनच्या शेजारीच होतं. हात लांब केला तर स्टेपलर घेता यावा, इतकं जवळ.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सीएंच्या ऑफिसातून निरोप आला. वर्ष संपलंय, आता पगाराच्या वार्षिक गोषवाऱ्यातले वायटीडी आकडे बारा महिन्यांच्या पगारपत्रकांशी जुळवून पाठवा. वायटीडी म्हणजे एप्रिलपासून मार्चपर्यंत प्रत्येकाच्या नावावर साठत गेलेली एकूण रक्कम. सॉफ्टवेअर ती आपोआप धरत जातं. त्यावरूनच पुढे प्रत्येकाचा फॉर्म सोळा निघतो, म्हणून ती एकदा हाताने पडताळायची असते. बारा पत्रकं घ्यायची, एका माणसाचे बारा आकडे मिळवायचे, आणि ती बेरीज गोषवाऱ्यातल्या आकड्याशी जुळते का बघायचं.

हनुमंतने केलेलं काम हनुमंतनेच तपासायचं नाही, म्हणून सुदर्शन स्वतः बसला. बारा महिन्यांच्या प्रिंट काढल्या. त्रेचाळीस माणसांपैकी पाच नावं नमुन्यासाठी निवडली. चार नावं रुपयाला रुपया जुळली. पाचवं नाव हनुमंतचं होतं. गोषवाऱ्यातली वायटीडी बारा महिन्यांच्या बेरजेहून बरोबर अठरा हजारांनी जास्त निघाली.

त्याने पुन्हा बेरीज केली. अठरा हजार.

हनुमंत शेजारीच बसून वॉचमनच्या रजा भरत होता. "हनुमंत, हे काय रे?" एवढे शब्द सुदर्शनच्या तोंडाशी आले होते. पण ते बाहेर पडायच्या आत दुसरंच काहीतरी मनात उभं राहिलं. पगार हाच बनवतो. स्वतःचाही हाच बनवतो. गेल्या महिन्यात नवी मोटारसायकल घेतली. कुठून घेतली? आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक जुनं, घरात लहानपणापासून ऐकलेलं वाक्य होतं. मेंढरामागची माणसं, आज इथं, उद्या तिथं, त्यांचा काय भरोसा. सुदर्शनने ते वाक्य मोठ्याने कधीच उच्चारलं नव्हतं. आपल्याला तसलं काही वाटत नाही असंच तो समजायचा.

त्याने कागद उलटा केला आणि दादाभाऊंच्या केबिनमध्ये गेला.

दादाभाऊंचा स्वभाव भडक. त्यांनी आकडा ऐकला आणि लगेच बेल दाबली. केबिनला काचेचं दार होतं. आतलं दिसायचं आणि आवाज चढला की ऐकूही यायचं.

"वर्षात तू तुझ्या पगारापेक्षा जास्ती पैसं उचललंस," दादाभाऊ म्हणाले. "सुदर्शनरावांनी पकडलंय. बोल."

हनुमंत पुढे सरकला. "कुठं, शेठ? किती? दाखवा तरी मला."

"तुला दाखवायचं? म्हंजी तू परत कॉम्प्युटरवर बसून खोडणार."

"न्हाई, शेठ. मला फक्त बघू द्या. काहीतरी चुकलं असंल, मी लगेच काढून दाखवतो."

"कॉम्प्युटरला हात लावायचा नाय!"

हनुमंतने सुदर्शनकडे पाहिलं. "सर, तुमी तर सांगा." सुदर्शन हातातल्या कागदाकडे बघत राहिला. कागद त्याच्याच हातात होता. पुढे करायला हात फार लांब करावा लागला नसता. पण शेठ बोलत असताना मध्ये पडायचं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

"किल्ली ठेव आन चालायला लाग," दादाभाऊ म्हणाले. कपाटाची किल्ली ठेवून हनुमंत बाहेर पडला तेव्हा ऑफिसातली सगळी माणसं खाली माना घालून बसली होती. त्याने डब्याची पिशवी उचलली. मोटारसायकल सुरू होऊन गेटबाहेर जाईपर्यंत कुणीच हललं नाही.

दादाभाऊ म्हणाले, "पोलिसात द्यायचं का ते नंतर बघू. तुमी सगळा पुरावा तयार करा." आणि ते लग्नासाठी नाशिकला निघून गेले.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी गेटवरून फोन आला. "मढवरनं एक म्हातारं पावणं आलंय. हिशेबाच्या साहेबाला भेटायचं म्हणतंय."

ते बहिरू होते. लाल पागोटं, धोतर, खांद्यावर घोंगडी. ओतूर, नारायणगाव असं दोन एस्ट्या बदलत आले होते. ऑफिसात येताना त्यांनी चपला बाहेर काढल्या. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. हनुमंतच्या रिकाम्या टेबलाकडे त्यांची नजर गेली आणि तिथून लगेच निघाली. लेक कुठे बसायचा हे त्यांना न सांगताच कळलं असावं.

"म्या हनुमंताचा बाप," ते म्हणाले. "साहेब, पोरगं चुकलं. पदरात घ्या. त्याच्यावर पोलीस घालू नका, येवढंच मागायला आलोय. किती व्हतं ते सांगा."

ऑफिसात सगळे ऐकत होते. सुदर्शन हळूच म्हणाला, "अठरा हजार."

म्हाताऱ्याने कोपरीच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. "ईस हायती. चार मेंढ्या दिल्या काल ओतूरच्या व्यापाऱ्याला. बाकी ऱ्हाऊ द्या, दंड म्हून."

"अहो, असं नको," सुदर्शन म्हणाला. "शेठ गावाला गेलेत."

"मग तुमी घ्या आन पावती द्या. घरात ठिवलं तर मला झोप न्हाई यायची. आमच्या घराला आजवर कुणी चोर म्हनलं न्हवतं, साहेब. उन्हाळ्यात लोकांच्या रानात मेंढरं बसवली, पर कुनाच्या बांधाचं कणीस तोडलं न्हाई."

सुदर्शनने पावतीपुस्तक ओढलं. नाव लिहिलं, रक्कम लिहिली. पुढे 'कशाबद्दल' अशी ओळ होती. तो थांबला. काय लिहायचं? जादा घेतलेला पगार परत. कुठल्या महिन्यातला?

जणू तेच विचारावं तसं बहिरू म्हणाले, "साहेब, कंच्या महिन्यात घेतलं त्यानं? दिवाळीत त्याच्या आईला लुगडं घेतलं व्हतं, हिरवं. ती बाई परवापास्नं इचारती, ते त्याच पैशाचं व्हतं का. तसं आसंल तर नेसायची न्हाई म्हनती."

 सुदर्शनला महिना माहीतच नव्हता. तीन दिवसांत त्याने तो शोधलाच नव्हता.

"बसा जरा," तो म्हणाला. "बघून सांगतो."

बहिरू बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. सुदर्शनने बारा पत्रकं पुन्हा काढली आणि या वेळी बँकेत पाठवलेल्या बारा याद्याही शेजारी घेतल्या. एप्रिल. पत्रकात हनुमंतच्या हाती पडायची जी रक्कम, तीच बँकेला गेलेली. मे, तीच. जून, तीच. तो एकेक महिना बोट ठेवून खाली आला. ऑक्टोबरपासून पगार तीन हजारांनी वाढलेला होता, पण तोही मंजूर आदेशाप्रमाणेच. मार्चपर्यंत एकाही महिन्यात एक रुपया जास्त नव्हता.

म्हणजे जास्तीचे अठरा हजार कुठल्याच महिन्यात घेतलेले नव्हते. तरी गोषवाऱ्यात होते.

त्याने आता गोषवाऱ्यातले बाकीचे रकाने पाहिले. एकूण पगाराचा एकच रकाना बघून तो परवा उठला होता. व्यवसाय कर अडीच हजार, तो जुळला. पीएफ जुळला नाही. तिथेही वायटीडी जास्त होती, दोन हजार एकशे साठांनी. सुदर्शनने कॅल्क्युलेटरवर अठरा हजारांचे बारा टक्के काढले. दोन हजार एकशे साठ.

 चोरलेल्या पैशांवर कुणी पीएफ कापून भरत नाही. हा पैसा उजळ माथ्याने दिलेला होता. पगार म्हणूनच दिलेला.

त्याने जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते आता केलं. एका माणसाची ओळ सोडून त्रेचाळीस जणांच्या तळाच्या बेरजा घेतल्या. बारा पत्रकांच्या तळाची बेरीज आणि गोषवाऱ्याच्या तळाचा आकडा. फरक अठरा हजारांचा नव्हता. एक लाख आठ हजारांचा होता. मग तो एकेक नाव तपासत गेला. पाच जणांच्या नावावर बारा बारा हजार जास्त. हनुमंतच्या अठरा. आणि उरलेले तीस हजार ज्याच्या नावावर जास्त होते, ते नाव त्याचं स्वतःचं होतं.

 परवा पाच नावं निवडताना स्वतःची ओळ तपासावी असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

आता सगळं आठवायला लागलं. मागच्या वर्षी सात जणांची वाढ एप्रिलपासून धरायची ठरली, पण आदेश निघाला ऑक्टोबरात. मग एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचा फरक दिवाळीआधी एकदम दिला. हनुमंतचे महिन्याला तीन हजार, सहा महिन्यांचे अठरा. त्याचे स्वतःचे पाच हजार, सहा महिन्यांचे तीस. फरकाचं पत्रक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं बनतं, 'पूरक' म्हणून. महिन्याची प्रिंट काढली की फक्त नियमित पत्रक येतं. पूरक वेगळं मागावं लागतं. वायटीडीत मात्र दोन्ही जमा होतात. व्हायलाच हवेत.

त्याने पूरक पत्रक मागवलं. स्क्रीनवर सात नावं आली, तळाला एक लाख आठ हजार. मग ऑक्टोबरची फाइल काढली. तिच्यात त्याच पत्रकाची प्रत होती. 'तपासले' या शब्दाखाली त्याची सही होती. त्या पैशांतून त्याच्या घरी फ्रिज आला होता. दिवाळीचे पैसे, एवढंच त्यांचं नाव घरात राहिलं होतं.

म्हणजे बेरीज चुकली नव्हती. वायटीडीही चुकली नव्हती. तेरा पत्रकं होती आणि त्याने बारा मोजली होती. हनुमंतला तो कागद नुसता दाखवला असता तर त्याने उभ्या उभ्या सांगितलं असतं, "सर, फरकाचं पत्रक राहिलं." तो तेच म्हणत होता. मला बघू द्या.

 व्हरांडा दहा पावलांवर होता, पण तिथे जायला सुदर्शनला उठता येईना. अर्धवट पावती समोर होती. त्याने ती फाडली, पिशवी उचलली आणि बाहेर गेला.

बहिरू उठून उभे राहिले.

"बसा, आबा," सुदर्शन म्हणाला आणि स्वतः त्यांच्याशेजारी बाकावर बसला. "हे पैसे परत घ्या. हनुमंतने काही घेतलेलं नाही. एक रुपयासुद्धा नाही. ते त्याच्या हक्काचे होते, वाढीचा फरक. मलाही मिळालेत तसेच. मी नीट बघितलं नाही. चूक माझी आहे."

म्हाताऱ्याला ते लगेच उमगलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हंजी घेतलंच न्हाई?" सुदर्शनने दोनदा सांगितलं. आता ते भडकतील, शिव्या देतील, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण बहिरू समोरच्या ट्रककडे बघत राहिले. बटाट्याच्या गोण्या उतरत होत्या. मग ते म्हणाले,

"म्या त्याला मारलं, साहेब."

त्यांनी खांद्यावरची घोंगडी सावरली.

"येवढा सव्वीस वरसाचा बाप्या. आईम्होरं कानफटात मारली. त्यो म्हनत व्हता, आबा, म्या काय केलं न्हाई. म्या म्हनलं, हापिसातली शिकली सवरली मानसं खोटं बोलत्यात व्हय? त्याला काय झालं ते इचारलंबी न्हाई. सरळ मेंढरं सोडली आन व्यापाऱ्याकडं गेलो."

मीही विचारलं नाही, असं सुदर्शनला म्हणायचं होतं. पण ते आत्ता म्हणणं म्हणजे म्हाताऱ्याच्या दुःखात आपला वाटा मागण्यासारखं झालं असतं. 

मग त्याने तिथूनच दादाभाऊंना फोन लावला. दादाभाऊ हसले. "आयला, असं हाय व्हय! बरं झालं पोलिसात न्हाई दिलं. सांगा त्याला सोमवारपासून यायला. चुकून झालं म्हणावं."

"शेठ, सोमवारी ऑफिसात सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

"कशाला वाढवता राव? झालं गेलं."

"काढलं सगळ्यांसमोर होतं, शेठ."

 "मग तुमीच सांगा," दादाभाऊ म्हणाले. "मला त्यात घेऊ नका."

सुदर्शनने बहिरूंना गाडीत घातलं आणि मढला निघाला. वाटेत ओतूरला व्यापाऱ्याच्या वाड्याशी गाडी थांबवली. मेंढ्या सकाळीच पुढे गेल्या होत्या. "कुठं गेल्या?" या प्रश्नावर व्यापारी नुसता हसला. बहिरू गाडीत येऊन बसले आणि म्हणाले, "त्यातली येक गाभण व्हती." 

हनुमंत घरामागे मेंढरं कोंडायचा जाळीचा वाडगा दुरुस्त करत होता. वडील गाडीतून उतरलेले पाहून तो उठला, आणि मागून सुदर्शन उतरला तेव्हा त्याने हातातली तार खाली ठेवली. त्याची आई तुकाबाई दारात आली. तिने पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, न्यायलाच आले.

सुदर्शनने उभ्यानेच सगळं सांगितलं. पूरक पत्रक, फरक, स्वतःच्या नावावरचे तीस हजार, स्वतःची सही. काही राखून ठेवलं नाही. ऐकताना हनुमंतच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो हिशेब ऐकतो तसा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "फरकाचं पत्रक. मला वाटलंच व्हतं नंतर. पण तवर किल्ली दिली व्हती."

"माझं चुकलं, हनुमंत. मी तुला विचारायला हवं होतं."

"सर, येक सांगा," हनुमंत म्हणाला. "माझ्या जागी दुसरं कुणी असतं, तर इचारलं असतं का तुमी?"

तुकाबाई चहा घेऊन आली होती. ती थांबली. सुदर्शनला खोटं बोलता आलं असतं. खोटं बोलून दोघांचीही सुटका झाली असती.

"असतं," तो म्हणाला. "बहुतेक विचारलं असतं."

हनुमंतने मान हलवली. ठाऊक असलेली गोष्ट कानावर पडावी तशी. "चा घ्या," तो म्हणाला आणि पुन्हा तार उचलली. बहिरू अंगणाच्या कडेला उभे होते. लेकाच्या जवळ यायला त्यांचे पाय उचलत नव्हते, आणि लेकही त्यांच्याकडे बघत नव्हता.

सोमवारी हनुमंत आला. सुदर्शनने सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं. घरी तो वाक्यं बोलून बघून आला होता.  लोडिंगच्या मुकादमाने हनुमंतच्या पाठीवर थाप मारली, तर तो अंग चोरून बाजूला झाला. नंतर सगळे आपापल्या जागी गेले. दादाभाऊ त्या दिवशी दुपारनंतर आले.

हनुमंतने जुळवणीचा तक्ता बनवायला घेतला. बारा नियमित पत्रकांची बेरीज, तिच्याखाली पूरक पत्रक, खाली एकूण, शेजारी वायटीडी, शेवटी फरक शून्य. पगार, पीएफ, व्यवसाय कर, प्रत्येक रकान्याचं वेगळं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नावांचं. त्याने तो सहीसाठी सुदर्शनपुढे ठेवला. सुदर्शनने या वेळी प्रत्येक ओळ तपासली, मग त्याला वाटलं, आपण पुन्हा त्याच्यावर संशय घेतोय असं तर दिसत नसेल? पेन हातात घेऊन तो तसाच बसला.

"बघा सर, नीट बघा," हनुमंत म्हणाला. "तपासायचंच आसतं ते." त्यात टोमणा होता की नाही, सुदर्शनला कळलं नाही. त्याने सही केली.

तक्ता घेऊन हनुमंत वळला आणि थांबला.

"सर, येक काम व्हतं. आबा गुरुवारपास्नं धड जेवत न्हाई. मी म्हनलं, जाऊ द्या, झालं. पर माझ्यासमोर त्याच्या तोंडातनं शबूद फुटत न्हाई. तुमी येक फोन कराल का? तुमचं ऐकल."

"माझं कसं ऐकतील?" सुदर्शन म्हणाला. "मीच तर..."

"म्हनूनच," हनुमंत म्हणाला आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसला.

सुदर्शन फोन घेऊन व्हरांड्यात गेला. बहिरूंनी फोन उचलला. मागे मेंढरांचा आवाज येत होता. सुदर्शनने नाव सांगितलं, आणि मग काय बोलायचं हे त्याला सुचेना.  

"आबा," शेवटी सुदर्शन म्हणाला, "जेवलात का?"

"न्हाई," बहिरू म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्यो जेवला का?"

सुदर्शनने दारातून आत पाहिलं. हनुमंतने डबा उघडला होता आणि एका हाताने कागद लावत दुसऱ्या हाताने भाकरी मोडत होता.

"जेवतोय," सुदर्शन म्हणाला. "तुमीपण जेवा आता."

"व्हय," म्हातारं म्हणालं. पण फोन ठेवला नाही. सुदर्शननेही ठेवला नाही.